तक्त्यात न आलेली बाई : सांगली-मिरजेतल्या थिसिस गाईडना आणि एथिक्स कमिट्यांना खुले पत्र

आदरणीय सर, मॅडम आणि एथिक्स कमिटीचे सदस्यहो,

मी मिरजेत राहते. डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकलेली आहे. गेली 18 वर्षे आपल्या भागातल्या पीजी विद्यार्थ्यांच्या थिसिसची आणि त्यातून निघणाऱ्या पेपरांची आकडेमोड करते. आपल्यापैकी काही जण मला ओळखतात, काहींनी मला फक्त फोनवर ऐकले आहे. हे पत्र एका मसुद्यामुळे लिहिते आहे, पण तशी वाक्ये मी इतक्या मसुद्यांत वाचली आहेत की एका विद्यार्थ्याला समजावून काम भागणार नाही असे वाटले. म्हणून सगळ्यांना मिळून लिहिते.

औषधाचा गुण सांगणारे तक्ते माझ्याकडे तीन-तीनदा येतात. हिमोग्लोबिन एका दशांशाने इकडेतिकडे झाले तर रात्री साडेदहाला रेसिडेंटचा फोन येतो. त्रासाचा परिच्छेद मात्र सगळ्यात शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा तो एकच वाक्य असतो: ‘औषध सुरक्षित असून रुग्णांनी ते चांगले सहन केले, कोणतेही लक्षणीय दुष्परिणाम आढळले नाहीत.’ हे वाक्य आधीच्या बॅचच्या थिसिसमधून जसेच्या तसे उचललेले असते. त्यात एकही आकडा नसतो.

आता तो मसुदा सांगते. कॉलेजचे नाव घेणार नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून आकडे आणि काही तपशील बदलले आहेत, घोटाळा मात्र आहे तसाच ठेवला आहे.

अभ्यास गर्भवतींच्या रक्तक्षयाचा होता. 60 बायकांना रोज लोहाच्या गोळ्या, ज्यांना आपल्याकडे सगळे ‘रक्तवाढीच्या गोळ्या’ म्हणतात. दुसऱ्या 60 जणींना सलाईनमधून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, गरजेप्रमाणे आठवड्याने दुसरा डोस. सहा आठवडे पाहायचे. कोणाला काय मिळते आहे हे बाईला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत होते. मसुद्यात लिहिले होते की सलाईनच्या गटात 54 पैकी 8 जणींना, म्हणजे 14.8 टक्क्यांना, आणि गोळ्यांच्या गटात 51 पैकी 24 जणींना, म्हणजे 47.1 टक्क्यांना त्रास झाला. त्याखाली तेच नेहमीचे वाक्य.

माझी नजर 54 आणि 51 वर अडली. सुरुवात तर 60 आणि 60 ने झाली होती. रेसिडेंटला विचारले तर तो सरळपणे म्हणाला, ‘मॅडम, ज्यांनी सहा आठवडे पूर्ण केले त्याच घेतल्या. बाकीच्या ड्रॉपआउट.’ मी मूळ वही मागवली.

सलाईनच्या गटातल्या दोघी पहिल्या डोसालाच आल्या नव्हत्या. त्यांना औषध मिळालेच नाही, तेव्हा त्यांना त्रासाच्या हिशेबात न धरणे बरोबर. पण त्या न आल्याचे लिहायला हवे. उरल्या 58. त्यातल्या चौघी मध्येच गेल्या. दोघी ऊसतोडीच्या टोळीबरोबर दुसऱ्या तालुक्यात गेल्या. एकीला सलाईननंतर दिवसभर गरगरत होते, तिने दुसऱ्या डोसाला नकार दिला. आणि चौथी. तिच्या पानावर लिहिले होते: सलाईन सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी छातीवर आणि हातांवर गांधी उठल्या, छातीत दाटल्यासारखे झाले. रक्तदाब टिकून. सलाईन थांबवली, ॲलर्जीची औषधे दिली. तासाभरात गांधी ओसरल्या. बाळाचे ठोके नीट. गर्भवती असल्याने एक रात्र वॉर्डात ठेवले, सकाळी घरी सोडले.

या बाईला पुढचा डोस द्यायचा नाही असे डॉक्टरांनीच ठरवले, ते योग्यच होते. पण दुसरा डोस नाही म्हणून ती ‘अभ्यास पूर्ण न केलेली’ ठरली, आणि तशी ठरली म्हणून तक्त्यातून गेली. संपूर्ण अभ्यासात ज्या एकाच बाईला औषधामुळे बहुधा दवाखान्यात राहावे लागले, ती नेमकी त्याच कारणाने पेपरमधून गळली. कुणी लपवले नव्हते. घटनेचा अहवाल एथिक्स कमिटीकडे 24 तासांच्या आत गेलेला होता, त्याची पोच फायलीत लावलेली होती. कमिटीला माहीत होते, गाईडना माहीत होते, वॉर्डातल्या सिस्टरांना माहीत होते. फक्त पेपर वाचणाऱ्याला कळणार नव्हते.

गोळ्यांच्या गटातही तेच. नऊ जणी गेल्या, त्यातल्या सहा जणींनी मळमळ, उलट्या किंवा बद्धकोष्ठामुळे गोळ्या सोडल्या होत्या. ज्या त्रासाने कंटाळून गेल्या त्यांना वगळून उरलेल्यांचा त्रास मोजायचा, म्हणजे कर्ज बुडाल्यावर खाते बंद केलेल्या सभासदांना सोडून पतसंस्थेची थकबाकी काढण्यासारखे आहे.

म्हणून पहिली विनंती. गुणाचा हिशेब आपण ठरलेल्या पद्धतीने करालच. त्रासाच्या हिशेबात ज्यांना औषधाचा एकही डोस मिळाला त्या सगळ्या धरा, मग त्या पुढे आल्या असोत वा नसोत. किती जणी त्रासामुळे सोडून गेल्या हा आकडा वेगळ्या ओळीत द्या. माझ्या मते त्रासाच्या तक्त्यातली ती सर्वांत बोलकी ओळ असते, कारण बाईने स्वतःच्या पायाने दिलेले ते उत्तर आहे.

दुसरी गळती ‘संबंध नाही’ या शिक्क्यातून झाली होती. सलाईनच्या गटातल्या पाच आणि गोळ्यांच्या गटातल्या चार बायकांची डोकेदुखी, ताप वगैरे तक्रारी ‘औषधाशी संबंधित नाही’ म्हणून काढून टाकल्या होत्या. इथे शब्दाचा घोळ आहे. आपण सर्रास ‘दुष्परिणाम’ म्हणतो, आणि त्या शब्दात औषधानेच केले हा निकाल आधीच बसलेला असतो. ट्रायलमध्ये प्रथम मोजायची असते ती प्रतिकूल घटना, म्हणजे औषध सुरू असताना झालेला कोणताही त्रास, कारण काहीही असो. कारण ठरवायला तर दोन गट केलेले असतात. डोकेदुखी दोन्हीकडे सारखी निघाली तर वाचकाला उत्तर मिळाले. पण प्रत्येक बाईपाशी डॉक्टरने मनाशी ठरवले की हे औषधाचे, हे नव्हे, आणि त्याला कोणती बाई कोणत्या गटात हेही ठाऊक आहे, तर त्याचा कल आकड्यांत उतरणारच. संबंधाबद्दलचे आपले मत जरूर लिहा. ते सगळ्या घटनांच्या शेजारी लिहा, त्यांच्या जागी नको.

या सगळ्या बायका परत घेतल्यावर हिशेब असा झाला: सलाईनच्या गटात 58 पैकी 15 जणींना मिळून 21 घटना, गोळ्यांच्या गटात 60 पैकी 34 जणींना मिळून 58 घटना. बायका आणि घटना हे दोन्ही आकडे वेगवेगळे द्यावे लागतात. एकाच बाईला पाचदा उलटी झाली की घटना पाच, बाई एक. मसुद्यात काही ओळी बायकांच्या होत्या आणि काही घटनांच्या, टक्केवारी मात्र सगळीकडे बायकांच्या संख्येवर काढलेली. अशा तक्त्याची बेरीज लागत नाही, आणि वाचणारा बेरीज करून पाहत नाही.

एक गोष्ट बघा. 25.9 टक्के आणि 56.7 टक्के. सलाईन अजूनही पुढेच आहे. फरक सुमारे 31 टक्के-अंकांचा, आणि त्याची 95 टक्के विश्वासाची कक्षा साधारण 14 ते 48. सगळे खरे लिहिल्याने रेसिडेंटचा निष्कर्ष कोसळला नाही. तो घाबरला होता, आणि मला वाटते पुष्कळ जण याच भीतीने ते एक वाक्य लिहून मोकळे होतात.

पण तो 31 चा फरकही सगळा औषधाचा नव्हता, आणि हे वहीत डोकावल्याशिवाय कळले नसते. मसुद्यात लिहिले होते, ‘दर भेटीत दुष्परिणामांची नोंद केली.’ प्रत्यक्षात गोळ्या नियमित घेतल्या जाव्यात म्हणून आशाताई त्या गटातल्या बायकांना दर आठवड्याला फोन करत होत्या, आणि फोनवर त्रासही विचारत होत्या. म्हणजे सहा फोन आणि शेवटची भेट, एकूण सात वेळा. सलाईनच्या गटाला विचारले गेले दुसऱ्या डोसाच्या दिवशी आणि शेवटच्या भेटीत, फक्त दोनदा. सात वेळा विचारलेली बाई दोनदा विचारलेल्या बाईपेक्षा जास्त तक्रारी सांगणारच. दोन आठवड्यांपूर्वीची मळमळ कोण लक्षात ठेवते?

झालेल्या अभ्यासात हे दुरुस्त होत नाही. ते लिहिता मात्र येते, आणि लिहिलेच पाहिजे: कोणी विचारले, कितीदा विचारले, ‘तब्येतीत काही वेगळे जाणवले का’ असे मोकळे विचारले की यादी वाचून दाखवली. यादी वाचली की आकडे फुगतात, मोकळे विचारले की आटतात. दोन्ही पद्धती चालतात. कोणती वापरली हे न सांगता दिलेली टक्केवारी मात्र कशाशीच ताडून पाहता येत नाही.

इथेच आपल्या भाषेचा एक प्रश्न येतो, आणि तो फक्त आपणच सोडवू शकतो. वहीत सात ठिकाणी ‘इतर’ असे होते. बायका काय म्हणाल्या होत्या? ‘उष्णता झाली.’ आपल्याकडे उष्णता म्हणजे तोंड येणे असेल, लघवीला जळजळ असेल, हातापायांची आग असेल, पित्त असेल. रेसिडेंटला यातले नेमके काय ते कळले नाही, त्याने ‘इतर’मध्ये टाकले, आणि सात बायकांचा त्रास नाव नसलेल्या खणात गेला. बाईचे शब्द जसे आले तसे आधी वहीत उतरवा, लगेच एक प्रश्न आणखी विचारा, ‘उष्णता म्हणजे नेमके कुठे काय होते?’, आणि मग वैद्यकीय नाव द्या. नाव देताना काय हरवू शकते याचे जगातले उदाहरण फार जड आहे. पॅरोक्सेटिन या औषधाचा किशोरवयीन मुलांवरचा एक अभ्यास, जो ‘स्टडी 329’ म्हणून ओळखला जातो, 2001 साली छापून आला. त्यात मुलांचे आत्महत्येचे विचार आणि कृती यांतल्या काही घटना ‘भावनिक चंचलता’ अशा नावाखाली गेल्या होत्या. 2015 मध्ये मूळ कागद पुन्हा तपासून तोच अभ्यास नव्याने प्रसिद्ध झाला, तेव्हा तो त्रास त्याच्या खऱ्या नावाने पुढे आला. आपल्या सात ‘इतर’ इतक्या भयंकर नाहीत. पण वाट तीच आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे तो.

त्या चौथ्या बाईला पेपरमध्ये घ्यायला मी सांगितले. आठवड्याने नवा मसुदा आला. आता लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता: ‘दुर्दैवाने एका गर्भवती रुग्णाला जीवघेणी गंभीर रिॲक्शन आली, 1.7 टक्के इतके हे चिंताजनक प्रमाण पाहता या इंजेक्शनचा वापर अत्यंत सावधपणे करावा.’ आधी ती बाई नव्हतीच, आता तिच्या जिवावर बेतले होते. दोन्ही वेळा तिच्या पानावर काय लिहिले आहे हे कुणी सांगितले नाही.

या वाक्यातले ‘जीवघेणी’ आणि ‘गंभीर’ हे दोन्ही शब्द तपासून पाहा. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत: सिव्हिअर आणि सिरियस. मराठीत आपण दोन्हींना ‘गंभीर’ म्हणतो, मग इंग्रजी पेपर लिहितानाही तेच मिसळून जाते. सिव्हिअर म्हणजे तीव्र. त्रास किती जोराचा होता. सिरियस म्हणजे नियमाने गंभीर. त्याचा परिणाम काय झाला. मृत्यू, त्या क्षणी जिवाला धोका, दवाखान्यात भरती व्हावे लागणे किंवा मुक्काम वाढणे, कायमचे किंवा मोठे अपंगत्व, बाळात जन्मजात व्यंग, किंवा वैद्यकीयदृष्ट्या तितकीच महत्त्वाची दुसरी घटना. यातले एक तरी असले की ती गंभीर. दोन तास डोके फुटेल असे दुखले आणि घरीच थांबले, तर ते तीव्र आहे, गंभीर नाही. आपल्या बाईच्या गांधी मध्यम जोराच्या होत्या आणि तासाभरात ओसरल्या, तरी ती रात्रभर वॉर्डात राहिली, म्हणून ती घटना गंभीर. तीव्रता मध्यम, वर्ग गंभीर. दोन्ही एकाच वेळी खरे.

आणि ‘जीवघेणी’? व्याख्येत जिवाला धोका म्हणजे घटना घडत असताना रुग्णाचा जीव धोक्यात होता. आणखी वाढली असती तर जीव गेला असता, असा त्याचा अर्थ नाही. रक्तदाब टिकून होता, तासात उतार पडला. तो शब्द या घटनेला लागू होत नाही. एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर ‘भरती’ या खणात खूण होती, ‘जिवाला धोका’ या खणात नव्हती. पेपर त्या फॉर्मशी जुळायला हवा.

1.7 टक्केसुद्धा नुसते लिहू नये. 58 मध्ये 1, हे आधी. एका घटनेवरून प्रमाण ठरत नाही. 58 मधल्या एकीवरून निघणारी 95 टक्के विश्वासाची कक्षा जवळजवळ शून्यापासून 9.2 टक्क्यांपर्यंत पसरते. चिंताजनक म्हणायला आधार नाही, सुरक्षित म्हणायलाही नाही. तसेच गोळ्यांच्या गटात 60 पैकी एकीलाही गंभीर घटना झाली नाही म्हणून गोळ्यांना तो धोका नाहीच, असे होत नाही. शून्य आले की 3 ला बायकांच्या संख्येने भागावे: 3 भागिले 60, म्हणजे 5 टक्के. खरे प्रमाण 5 टक्क्यांपर्यंत असते तरी 60 जणींत एकही न सापडणे शक्य होते. इतक्या लहान अभ्यासात दोन गटांच्या गंभीर घटनांची तुलना करून पी-व्हॅल्यू छापणे आणि ‘लक्षणीय फरक नाही’ म्हणणे मला चुकीचे वाटते, कारण वाचक त्याचा अर्थ ‘फरक नाही’ असा घेतो.

विशेषणांबद्दलही सांगते. दुर्दैवाने, सुदैवाने, किरकोळ, केवळ, चिंताजनक, चांगले सहन झाले: हे शब्द काढले तर वाक्यातली माहिती तसूभरही कमी होत नाही. म्हणजे ते माहिती नव्हते, कल होता. ‘केवळ एका रुग्णाला’ आणि ‘तब्बल एका रुग्णाला’, दोन्हींत आकडा एकच.

शेवटी तो परिच्छेद आम्ही दोघांनी बसून आधी मराठीत लिहिला आणि मग इंग्रजीत नेला. तो असा:

‘किमान एक डोस मिळालेल्या सर्व सहभागींचा (सलाईन 58, गोळ्या 60) समावेश आहे. सलाईन गटातील दोघी पहिल्या डोसापूर्वीच आल्या नाहीत. त्रासाची विचारणा गोळ्यांच्या गटात सात वेळा आणि सलाईन गटात दोन वेळा झाली. त्यामुळे गटांमधील फरक काही अंशी विचारणेतील फरकामुळे असू शकतो. सलाईन गटात 15 जणींना 21 प्रतिकूल घटना झाल्या, गोळ्यांच्या गटात 34 जणींना 58. त्रासामुळे सलाईन गटातून 2 आणि गोळ्यांच्या गटातून 6 जणींनी उपचार थांबवले. गंभीर घटना सलाईन गटात एक, गोळ्यांच्या गटात एकही नाही. गंभीर घटना: पहिल्या डोसात दहाव्या मिनिटाला अंगावर गांधी आणि छातीत दाटणे, मध्यम तीव्रता, रक्तदाब स्थिर, सलाईन थांबवून औषधे दिली, तासाभरात उतार, निरीक्षणासाठी एक रात्र भरती, दुसरा डोस दिला नाही, संशोधकांच्या मते औषधाशी संबंध बहुधा आहे. रक्तातील फॉस्फेट मोजले नाही. विरळ घटनांबाबत निष्कर्ष काढण्याइतकी सहभागींची संख्या नाही.’

फॉस्फेटचे वाक्य माझ्या आग्रहाने आले. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजनंतर रक्तातले फॉस्फेट उतरू शकते हे डॉक्टरांना ठाऊक आहे. या अभ्यासात ते तपासलेच नव्हते. जे तपासले नाही त्याबद्दल गप्प बसले की वाचक ‘झाले नाही’ असे धरून चालतो.

यात माझे स्वतःचे काही नाही. ट्रायलमधले त्रास कसे मांडावेत याची कॉन्सॉर्टची पुरवणी 2004 मध्येच आली, 2022 ची सुधारित आवृत्तीही आहे. लायब्ररीत बसून तासाभरात वाचून होते.

गाईडना माझे मागणे एवढेच आहे की प्रोटोकॉलवर सही करण्याआधी एक पान मागा: त्रास कोण विचारणार, कोणत्या शब्दांत, कितीदा, आणि दोन्ही गटांत सारखे का. अभ्यास झाल्यावर हे पान लिहिता येत नाही.

एथिक्स कमिट्यांना: गंभीर घटनांची फाईल तुमच्याकडे आहे, दुसऱ्या कुणाकडे ती इतकी पूर्ण नसते. शेवटचा अहवाल आणि पेपरचा मसुदा आला की त्या फाईलमधल्या घटना एकेक करून मसुद्यात शोधा. आपल्याकडच्या थिसिसमध्ये त्या क्वचितच दोन-तीनहून जास्त असतात, दहा मिनिटांचे काम आहे. घटना सापडली नाही तर लेखी विचारा. आणि मराठी माहितीपत्रकात तीव्र आणि गंभीर हे दोन शब्द वेगळे करून घ्या. सही करणारी बाई तेच वाचते.

पुढच्या बैठकीत बोलावलेत तर त्या अभ्यासाचे दोन्ही जुने मसुदे आणि नवा, नावे झाकून, घेऊन येईन. रेसिडेंटनेही यायला होकार दिला आहे.

आपली नम्र,
थिसिसची आकडेमोड करणारी एक संख्याशास्त्रज्ञ
मिरज, जि. सांगली